स्पिनला मशीन घरघरतंय: बेअरिंग गेलंय की आत पिन अडकलीय?

रात्री साडेदहाला फ्रंट लोड वॉशिंग मशीन शेवटच्या स्पिनला आलं की खालच्या मजल्यावरचे फोन करतात, "अहो, वर काय चाललंय?" असा आवाज सुरू झाला की बहुतेक घरांत दोनच शक्यता निघतात. एक तर ड्रमच्या मागचं बेअरिंग झिजलंय, नाहीतर खिशातलं नाणं किंवा केसांची पिन ड्रम आणि टबच्या मधे गेलीय. पहिल्यात अख्खं मशीन खोलावं लागतं. दुसऱ्यात कधी कधी पक्कड आणि टॉर्चवर काम भागतं. म्हणून मेकॅनिकला "हो, करा" म्हणायच्या आधी यातलं कोणतं आहे हे स्वतः तपासा. अर्धा तास लागतो, आणि पहिल्यांदाच मशीनला हात लावणाऱ्यालाही जमतं.

मी ही मशीनं दुरुस्त करतो, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत. लोकांची गफलत कुठे होते ते आधी सांगतो. ते स्पिनचा आवाज ऐकतात आणि त्यावरून निदान करतात. 1200 च्या स्पिनला ड्रम मिनिटाला 1200 फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला 20. अडकलेली पिन दर फेरीला एकदा टबला घासत असेल तर सेकंदाला 20 वेळा घासते. आपल्या कानाला ते वीस वेगळे आवाज ऐकू येत नाहीत, एकच सलग घरघर येते. आणि झिजलेल्या बेअरिंगचा आवाजही सलग घरघरच असतो. फलाटावर न थांबता जाणारी फास्ट लोकल ऐकल्यासारखं दोन्ही वाटतं. म्हणून निदान करायचं ते ड्रम हळू फिरवून. स्पिनचा आवाज फक्त तक्रार सांगतो, कारण सांगत नाही.

आतली रचना

दार उघडल्यावर दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. त्याच्याभोवती प्लास्टिकचा मोठा टब असतो, पाणी त्या टबात भरतं. दोघांच्या मधे थोडीशी फट असते. ड्रमच्या पाठीला तीन हातांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडर बसवलेला असतो, त्याच्या मधून जाड शाफ्ट निघतो आणि टबच्या मागच्या भिंतीतून बाहेर येतो. त्या भिंतीत एकामागे एक दोन बेअरिंगं ठोकून बसवलेली असतात आणि पाण्याच्या बाजूला रबरी सील असतं. पुढच्या बाजूने ड्रमला कसलाच आधार नाही. कपडे, पाणी, फिरण्याचा झटका, सगळा भार मागच्या त्या दोन बेअरिंगांवर.

बेअरिंग सहसा आपण होऊन झिजत नाही, आधी सील जातं. सीलची कड झिजली की साबणाचं पाणी थेंब थेंब बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, गोळ्यांना गंज लागतो आणि मग घरघर. नाणं आणि पिनेची वाट वेगळी. दाराचं रबर आणि ड्रमची कड यांच्या मधून नाणं घसरतं आणि टबच्या तळाशी जाऊन बसतं. बारीक पिन, सेफ्टी पिन, ब्राची तार या ड्रमच्या भोकातून अर्ध्या बाहेर निघतात आणि तिथेच अडकतात.

आधी सोपं तपासून घ्या

मशीन चाकांच्या स्टँडवर असेल तर वरचे दोन कोपरे दाबून डुगडुगतं का बघा. मुंबईतल्या घरांत मशीन बहुतेक वेळा बाथरूममध्ये नाहीतर ड्राय बाल्कनीत असतं आणि तिथल्या लादीला पाणी जायला उतार दिलेला असतो. डुगडुगणारं मशीन स्पिनला दणादण आपटतं. आपटण्याचा आवाज आणि घरघर यांत गोंधळ होत नाही, पण एकदा पाहून घ्या. मशीन नवं कोरं असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना, तेही बघा. आणि एकटी जाड चादर किंवा एकच जीन्स टाकून स्पिन करत असाल तर तो आवाज मोजायचाच नाही.

आता प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच काढायचा. नळही बंद करा.

पहिल्यांदा दाराच्या रबराची खालची घडी बोटांनी हलकेच बाहेर ओढा आणि टॉर्च मारा. आत बोट फिरवण्याआधी नीट बघा, पिन टोचते. शेअर रिक्षाची सुट्टी नाणी, रिक्षावाल्याने दिलेली चिल्लर, शर्टाचं बटण, सगळं आधी इथेच साठतं. त्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यातला, काही मशीनमध्ये डाव्या, फिल्टरचा छोटा दरवाजा उघडा. खाली परात सरकवा आणि बारीक नळी असेल तर आधी तिचं बूच काढून पाणी सोडा. गरम पाण्याचा प्रोग्रॅम नुकताच झाला असेल तर थांबा, ते पाणी भाजतं. मग फिल्टर उलटा फिरवून बाहेर काढा आणि आतल्या पोकळीत टॉर्च मारा. तिथला पाणी उपसणारा पंखा काडीने फिरवला तर झटके देत फिरतो, ते ठीक आहे, आत चुंबक असतो. खडखड फक्त पाणी उपसताना येत असेल, तर गडबड याच पंख्याजवळ आहे, ड्रमचा संबंध नाही.

फिल्टरमध्ये दोन रुपयांचं नाणं सापडलं की माणसं सुटकेचा श्वास टाकतात. तिथे थांबू नका. फिल्टरमध्ये पोचलेलं नाणं वाटेतून निघून गेलेलं असतं. आवाज करणारं नाणं अजून वाटेत असतं, किंवा ते नाणं नसतंच.

हाताने हळू फिरवा

सगळ्यात महत्त्वाची कसोटी हीच. ड्रम पूर्ण रिकामा करा. ड्रमच्या कडेवर, वरच्या बाजूला, रंगीत इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवा. पंखा बंद, टीव्ही बंद. मग ड्रम एका हाताने अगदी सावकाश फिरवा, एक फेरी पूर्ण व्हायला चार-पाच सेकंद लागतील इतका सावकाश. दुसरा तळहात ड्रमच्या आतल्या भिंतीवर टेकवा, कारण कानाला ऐकू येण्याआधी ते हाताला कळतं.

बेअरिंग गेलेलं असेल तर फेरीभर, कुठेही न थांबता, हाताला वाळूवर काही घासल्यासारखी खरखर लागते. क्षणभर वाढते, क्षणभर कमी होते, पण टेपच्या एका जागेशी ती बांधलेली नसते. कारण बेअरिंगच्या गोळ्या शाफ्टबरोबर पूर्ण वेगाने फिरत नाहीत, अर्ध्याहूनही थोड्या कमी वेगाने मागून येतात. ड्रमची फेरी आणि गोळ्यांची फेरी जुळत नाही, म्हणून खरखरीची जागा दर फेरीला सरकत राहते.

पिन अडकलेली असेल तर फेरी गुळगुळीत जाते आणि एका जागी चर्र् किंवा टक् होतं. पुन्हा फिरवा. टेप त्याच ठिकाणी आली की पुन्हा तोच आवाज. पाचदा फिरवून पाचही वेळा टेप घड्याळातल्या सातच्या जागी असताना आवाज आला, तर बेअरिंगची शंका बाजूला ठेवा. मोजता येणारा आवाज हा परक्या वस्तूचा.

तिसरा प्रकार फसवा. हाताने फिरवलं तर काहीच आवाज नाही. तळाशी मोकळं पडलेलं नाणं कोरड्या टबात निवांत पडून राहतं, ड्रम त्याच्या वरून निघून जातो. त्यासाठी प्लग लावून रिकाम्या मशीनवर फक्त खंगाळणं आणि स्पिन लावा. पाणी भरून ड्रम सावकाश आलटूनपालटून फिरायला लागला की नाणं पाण्याबरोबर उचललं जातं आणि खळ्, खळ्खळ्, मग गप्प, मग पुन्हा खळ् असा बिनताल आवाज येतो. आणि पाणी उपसून स्पिन वेग घ्यायला लागला की तो आवाज बऱ्याचदा कमीच होतो. बेअरिंगचं बरोबर उलट. धुताना ते कुरबुरतं किंवा गप्प असतं, 400 ला घरघरतं, 800 ला गर्जतं, आणि मोटर थांबल्यावर ड्रम आपल्या वजनाने फिरत असतानाही घरघर वेगाबरोबर उतरत जाते. तुमच्या मशीनवर स्पिनचा वेग निवडता येत असेल तर 400, 800 आणि कमाल असं तीनदा रिकामं चालवून बघा.

काही आवाज ऐकून घाबरायचं कारण नाही. बेल्ट नसलेल्या, मोटर थेट ड्रमला लावलेल्या मशीनमध्ये हाताने फिरवताना ड्रम बारीक बारीक टप्प्यांत अडल्यासारखा वाटतो. ते मोटरमधले चुंबक. काहींच्या ड्रमच्या कडेत तोल राखायला पाण्याचं कडं असतं, ते डुचमळतं. आणि कार्बन ब्रशच्या मोटरला हलकी घासल्याची कुजबुज असतेच.

ड्रम वर उचलून बघा

ड्रमची वरची कड आतून पकडा आणि सरळ वर उचला, सोडा, उचला. अख्खा टब स्प्रिंगांवर लोंबकळत असल्यामुळे तो थोडा हलणारच. नवखा माणूस इथेच चुकतो. ड्रम आणि टब एकत्र हलतायत, की टब जागेवर राहून नुसता ड्रम हलतोय, हे बघायचं. त्यासाठी नजर ड्रमची कड आणि दाराचं रबर यांच्या मधल्या फटीवर ठेवा, शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा. फट कमीजास्त होत असेल आणि मागून ठक् असा बारीक ठोका येत असेल, तर बेअरिंग सैल झालंय. बेअरिंग मागे आणि हात पुढे, त्यामुळे मागची केसभर झीज पुढच्या कडेला ठळक दिसते. चांगल्या मशीनमध्ये ही फट नजरेला हलताना दिसत नाही.

एक अपवाद आहे. ड्रम सावकाश फिरवताना त्याची कड डावी-उजवी लचकत असेल, सायकलचं आऊट झालेलं चाक फिरतं तशी, तर स्पायडरचा हात तडकलेला असू शकतो. तसं असेल तर मशीन पुन्हा चालू करू नका. भरल्या स्पिनमध्ये तो हात तुटला तर ड्रम टब फोडतो.

पाठीमागची साक्ष

इथे दोन माणसं हवीत. आत काँक्रीटची वजनं असल्यामुळे मशीन सहज साठ-सत्तर किलो भरतं. प्लग काढलेलाच ठेवून मशीन पुढे ओढा, मागचा पत्रा स्क्रू काढून बाजूला करा. मोठी पुली दिसेल, तिच्या मध्यात बेअरिंगची जागा. त्या मध्यापासून टबवरून खाली आलेला तपकिरी ओघळ दिसला, की दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. सील गळलंय, पाणी बेअरिंगमधून गंज आणि ग्रीस घेऊन बाहेर आलंय. ओघळ जुना आणि वाळलेला असला तरी अर्थ तोच. उलट जागा कोरडी आणि स्वच्छ असेल तर बेअरिंगवर आरोप करण्याआधी दोनदा विचार करा.

बेल्टचं मशीन असेल तर अजून एक गोष्ट इथेच करून घ्या. पुली फिरवत बेल्ट आपल्याकडे ओढा, तो उतरतो. आता ड्रम वेगळा फिरवा आणि मोटरची छोटी पुली वेगळी फिरवा. खरखर मोटरच्या पुलीतून येत असेल तर टब खोलायचं कारणच उरत नाही, काम मोटरचं आहे. मोटरलाही स्वतःची बेअरिंगं असतात आणि त्यांचा आवाज ड्रमच्या नावावर जातो. ऐकायला कान कमी पडत असेल तर स्वयंपाकघरातलं लाटणं आणा. एक टोक टबच्या मागच्या भिंतीवर पुलीजवळ टेकवा, दुसरं कानाजवळच्या हाडाला, आणि कुणाला तरी पुढून ड्रम हाताने फिरवायला सांगा. लाकडातून खरखर इतकी स्पष्ट येते की पुन्हा शंका राहत नाही. हे सगळं प्लग काढलेला असतानाच. पत्रा उघडा ठेवून चालू मशीनजवळ जायचं नाही, आणि दाराचं लॉक फसवून चालू ड्रम बघायचा नाही.

बेल्ट परत चढवताना आधी मोटरच्या छोट्या पुलीवर बसवा, मग मोठी पुली फिरवत तिच्यावर सरकवा. बेल्टच्या रेघा पुलीच्या खाचांत नीट बसल्या पाहिजेत, एक खाच सुटली तरी बेल्ट कडेने फाटत जातो.

कन्नमवार नगरमधलं मशीन

विक्रोळीला कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर एका काकूंकडे गेलो होतो. मशीन सात किलोचं, सहा वर्षांचं. चार दिवस स्पिनला घरघर. आधी येऊन गेलेल्या एकाने मिनिटभर स्पिन ऐकला आणि सांगितलं, बेअरिंग गेलं, टब बदलावा लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या. काकू म्हणाल्या, "दादा, नवीनच घ्यायचं असेल तर घेऊ, पण एकदा नीट बघून सांगा."

रबराच्या घडीत कागदाचा लगदा आणि एक बटण निघालं. फिल्टरमध्ये दोन रुपयांचं नाणं आणि सेफ्टी पिन. काकूंच्या मुलाला वाटलं, झालं काम. रिकाम्या मशीनवर स्पिन लावला, आवाज जसाच्या तसा. प्लग काढला, ड्रमच्या कडेला पिवळी टेप लावली आणि सावकाश फिरवायला लागलो. बहुतेक फेरी एकदम मऊ. मग एका जागी चर्र्, साधारण बोटभर अंतर, आणि पुन्हा मऊ. सहा वेळा फिरवलं, सहाही वेळा टेप सातच्या आसपास. वर उचलून बघितलं, फट हलली नाही. लाटणं लावायची वेळच आली नाही.

मग आवाज येतो तो भाग वर आणून ड्रममध्ये डोकं घालून टॉर्च आडवा धरला. समोरून मारलेल्या उजेडात सगळी भोकं सारखीच दिसतात. उजेड भिंतीला चिकटून आडवा आला की वर उठलेल्या वस्तूची सावली पडते. कपडे उचलणारा जो प्लास्टिकचा उंचवटा असतो, त्याच्या अगदी मुळाशी एक बारीक काळी कमान दिसली. केसांचा आकडा. त्याचे दोन पाय दोन शेजारच्या भोकांतून बाहेर गेलेले आणि मधली कमान ड्रमला सपाट चिकटलेली. नखाने चाचपल्याशिवाय कळलं नसतं.

नोज प्लायरने कमान धरली आणि सरळ ओढली नाही. सरळ ओढली तर बाहेर वाकलेला पाय तुटून टबात पडतो आणि मग त्याच्यामागे धावावं लागतं. आधी कमान हळूहळू डावी-उजवी हलवून पाय सरळ होऊ दिले, मग ओढली. बाहेर आलेला आकडा काकूंच्या हातावर ठेवला. काळा रंग सगळीकडे शाबूत, फक्त एका पायाचं टोक रुपयासारखं चकाकत होतं आणि दुसऱ्या पायापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं आखूड झालं होतं. तेवढं टोक चार दिवस टबवर घासून उडालं होतं. नातीचा भरतनाट्यमचा कार्यक्रम झाला होता, अंबाड्याचे आकडे ओढणीत राहिले होते. तो काढल्यावर ड्रम हाताखाली आवाज न करता फिरला, 1000 च्या स्पिनला नेहमीचा सूं आवाज. तरीही मागचा पत्रा उघडून पाहिला, कोरडा होता.

पिन अशी आतून धरता आली तर उत्तम. पण ती तशीच ठेवून आठवडे काढले तर टोक टबला खाच पाडतं. आणि ती सुटून खाली हीटरवर पडली तर हीटरच्या नळीला घासते. गरम पाण्याला घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला, तर तेही कारण असू शकतं.

नाणं तळाशी असेल तर

मोकळं नाणं फिल्टरपर्यंत येत नसेल तर दोनदा पाणी भरून उपसून बघा, कधी कधी ओढलं जातं. नाही आलं तर बहुतेक मशीनमध्ये हीटरच्या भोकातून काढता येतं. हीटर टबच्या तळाशी, मागून किंवा पुढून बसवलेला असतो. पाणी पूर्ण काढा, प्लग काढलाय याची पुन्हा खात्री करा, हीटर गार होऊ द्या. वायरींचा मोबाईलवर फोटो काढा, मग त्या सोडवा. मधल्या बोल्टचा नट टोकापर्यंत सैल करा पण काढून टाकू नका, बोल्टवर हलका ठोका देऊन तो आत ढकला. तेव्हा रबराची पकड सुटते आणि हीटर डावा-उजवा हलवत बाहेर येतो.

त्या भोकातून वाकवलेली तार किंवा दांडीला लावलेलं छोटं चुंबक घाला. रुपया आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, पिनाही चिकटतात. पिवळसर पाच रुपयांचं नाणं चिकटत नाही, त्याला तारच लागते. चुंबक ड्रमलाच चिकटलं तर गोंधळू नका, पुष्कळ ड्रमचं स्टील चुंबक धरतं.

परत बसवताना दोन गोष्टींत हयगय नको. हीटरचं आतलं टोक टबच्या तळातल्या पट्टीखाली गेलंच पाहिजे. ते वर राहिलं तर ड्रम हीटरला घासेल आणि तुम्ही नव्याने आवाज विकत घ्याल. दुसरं, रबराला साबणाचं पाणी लावून ते सगळीकडून सपाट बसवा. मग वायरी लावायच्या आधी थोडं पाणी दारातून ओतून पंधरा मिनिटं गळती बघा. वायरी सोडवण्याचा आत्मविश्वास नसेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या. आता काय करायचंय ते त्याला नेमकं सांगता येईल.

बेअरिंगच असेल तर काय विचारायचं

हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. टब बाहेर काढावा लागतो, दोन भाग वेगळे करावे लागतात आणि बेअरिंग ठोकताना एक चुकीचा घाव पडला तर टबची जागाच तडकते. पण मेकॅनिकला चार गोष्टी विचारा. टब स्क्रूंचा आहे की कारखान्यातून चिकटवलेला? चिकटवलेला असेल तर तो कापून पुन्हा स्क्रू आणि सिलिकॉनने जोडतात. चांगल्या हाताने केलं तर टिकतं, पण आधी कळलेलं बरं. दोन्ही बेअरिंगं आणि सील तिन्ही बदलणार का? एकच बदलून दुसरं जुनं ठेवलं किंवा सील तेच ठेवलं, तर मेहनत वाया जाते. शाफ्टवर सील बसतं तिथे बोटाला खाच लागते का? लागत असेल तर नवं सीलही तिथून गळेल, मग शाफ्टसकट स्पायडर बदलावा लागतो. आणि काढलेले भाग मला दाखवणार का?

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. घरगुती मशीनमध्ये 6204, 6205, 6206 असे नंबर नेहमी निघतात. 6205 म्हणजे आतून 25, बाहेरून 52 आणि जाडी 15 मिलिमीटर. नंबर अंदाजाने घेऊ नका, जुनं बेअरिंग हातात घेऊनच जा. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला बेअरिंग आणि ऑइल सीलची दुकानं ओळीने आहेत, आणि सीलवर छापलेलं माप सांगितलं की तेही तिथेच मिळतं. मशीन दहा वर्षांचं असेल, टब चिकटवलेला असेल आणि शाफ्टलाही खाच पडलेली असेल, तर मी गिऱ्हाईकाला खर्च करू नका असंच सांगतो. पाच-सहा वर्षांच्या मशीनला मात्र हे काम करून घ्यावं.

तोपर्यंत कपडे धुवायचेच असतील तर स्पिन 400 वर ठेवा आणि अर्धाच भार टाका. हे थोड्या दिवसांपुरतं. मशीनखाली मागच्या बाजूला पाणी दिसायला लागलं की तेही बंद, कारण त्या ओघळाच्या खालीच मोटर आणि तिच्या वायरी असतात.

काम झाल्यावर मेकॅनिक घरात असतानाच ड्रम हाताने सावकाश फिरवून बघा, वर उचलून फट बघा, मग रिकामा स्पिन कमाल वेगाला ऐका. आठ-दहा धुलाया झाल्या की मशीन पुन्हा एकदा ओढून पुलीखाली टॉर्च मारा. जुना ओघळ पुसून ठेवला असेल तर नवा थेंब लगेच दिसतो, आणि दिसला तर सील नीट बसलेलं नाही, त्याच माणसाला त्याच आठवड्यात परत बोलवा.